शब्द मोडतो कुठे, ते आधी शोधा

प्रश्न: मी बँकेत आहे, नवरा हिंजवडीत आयटीत. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिचं पाळणाघर सातला बंद होतं. माझा बँकेच्या जेएआयआयबी परीक्षेचा क्लास मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते आठ असतो. म्हणून जूनमध्ये नवऱ्याने स्वतःहून कबूल केलं की त्या दोन दिवशी मुलीला तो आणेल. चार महिने झाले. निम्म्याहून जास्त वेळा ऐनवेळी फोन येतो, "अगं, अडकलोय, तू जाशील का?" मग मी क्लास अर्धा टाकून पळते. आठवण करून दिली की "तू सारखी टोचत असतेस" म्हणतो. मग अबोला, मग सॉरी, मग "पुढच्या वेळी नक्की". भांडण न होता हे त्याच्यापुढे कसं मांडू? आणि मागू तरी काय?

उत्तर:

तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. जोडप्यांचं समुपदेशन करायला लागून मला बावीस वर्षं झाली. माझ्याकडे येणारे बहुतेक जण "कसं बोलू" एवढंच विचारतात. आवाज खाली ठेवला, शब्द गोड केले की काम होईल, असा त्यांचा समज असतो. काय मागायचं ते मात्र ठरलेलंच नसतं. मग गोड आवाजात ते "जरा वेळेवर येत जा ना" म्हणतात, समोरचा तितक्याच गोडीने "हो गं" म्हणतो, आणि पुढच्या मंगळवारी पावणेसातला फोन वाजतो.

म्हणून मी आधी मागण्याचं सांगते, बोलण्याचं नंतर.

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा गृहस्थ आणि त्याची बायको माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा सहावीत होता आणि गणितात मागे पडत होता. सोमवारी आणि बुधवारी सातला घरी येऊन त्याचं गणित घेईन, असा शब्द बापाने दिला होता. सहा महिन्यांत तो शब्द किती वेळा मोडला, याचा बायकोकडे चोख हिशेब होता. तिच्या मते कारण उघड होतं: सुटल्यावर हा गेटबाहेर मित्रांबरोबर चहाच्या टपरीवर रमतो. नवरा म्हणायचा, काम असतं. ती म्हणायची, काम सगळ्यांनाच असतं. या दोन वाक्यांवर त्यांनी सहा महिने काढले होते.

मी त्याला एवढंच विचारलं, "परवाच्या बुधवारी साडेपाचला तुम्ही नक्की काय करत होता?" तो जरा गोंधळला, मग आठवून सांगू लागला. साडेपाचला शिफ्ट संपते. कंपनीची बस पावणेसहाला सुटते. पुढच्या शिफ्टच्या माणसाला मशीन ताब्यात देताना हँडओव्हरची वही भरावी लागते: किती नग निघाले, किती नाकारले, कुठल्या टूलची धार गेली. तो ही वही सव्वापाचनंतर भरायला घ्यायचा. एखादा आकडा जुळला नाही की वीस मिनिटं जायची आणि बस सुटायची. पुढची बस साडेसातला. त्या दोन तासांत तो टपरीवर बसायचा, हे खरंच होतं. बायकोला टपरी दिसत होती, कारण तिच्या भावाने त्याला तिथे पाहिलं होतं. वही कुणालाच दिसत नव्हती. त्याने स्वतःही तिच्याकडे कधी तशा नजरेने पाहिलं नव्हतं.

बायकोने त्याच्याकडे शेवटी जे मागितलं, त्यात "सात" हा आकडाच नव्हता. ती म्हणाली, "सोमवारी आणि बुधवारी चारचा चहा झाला की लगेच वही उघड. तोवरचे आकडे भरून ठेव. शेवटी फक्त दीड तासाचे राहतील." मागितलं ते एवढंच.

तुमच्या बाबतीतही शब्द सात वाजता मोडत नाही. सात वाजता तो मोडलेला तुम्हाला कळतो. मोडतो त्याच्या तास-दीड तास आधी, हिंजवडीत कुठल्यातरी टेबलाशी. ती जागा सापडत नाही तोवर तुम्ही जे मागाल ते "वेळेवर ये" याच चालीवरचं असेल, आणि त्याला माणूस मनापासून हो म्हणू शकतो, कारण त्यात त्याला काहीच वेगळं करावं लागत नाही.

तेव्हा बोलण्याआधी एक काम करा. जुन्या मेसेजांवरून आणि कॉलच्या यादीवरून गेल्या आठ खेपा कागदावर काढा. प्रत्येकीपुढे तीनच गोष्टी लिहा: तो आला की नाही, नसेल तर त्याचा फोन किती वाजता आला, आणि फोनवर त्याने कारण काय सांगितलं. भावना लिहू नका, विशेषणं लिहू नका. आणि हा कागद त्याला दाखवू नका. तो तुमच्यासाठी आहे. समोर ठेवलात की त्याचं आरोपपत्र होतं आणि नवरा वकिलासारखा एकेक तारीख खोडायला बसतो. ("त्या दिवशी तर पाऊस होता.") एका नवऱ्याने तर माझ्यासमोर हवामानाची जुनी बातमी शोधून काढली होती.

अशा याद्यांमध्ये काहीतरी एक वारंवार दिसतं. समजा, आठपैकी पाच खेपा गेल्या आणि पाचही फोन सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान आले. कारणं दिसायला वेगवेगळी: क्लायंटचा कॉल लांबला, मॅनेजरने थांबवलं, ट्रॅफिक. पण सव्वासहाला तो ऑफिसातच होता, हे पाचही वेळा सारखं. हिंजवडीतून संध्याकाळी निघून कोथरूड-वारज्याकडे यायचं तर सव्वासहाला निघणं म्हणजे पाळणाघर हुकलंच. ट्रॅफिकचं कारण खोटं नाही, पण ते नंतरचं. ट्रॅफिक लागायच्या आधीच वेळ गेलेली असते.

इथे त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगते, कारण ती समजली की तुमचा राग थोडा योग्य जागी जाईल. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस नेहमी सगळं सुरळीत होणार असं धरून करतो. आपलाच मागचा अनुभव विचारात घेत नाही. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. लागले ५५. ही मुलं खोटं बोलत नव्हती. त्यातला गमतीचा भाग पुढे आहे: मागच्या वेळी प्रत्यक्ष किती वेळ लागला ते आठवून, ते हातातल्या कामाशी जोडून मग अंदाज करायला सांगितलं, तेव्हा लोकांचे अंदाज बरेच सुधारले. तुमचा नवरा "पन्नास मिनिटांत पोचतो" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रविवार सकाळचा मोकळा रस्ता असतो. त्याच्याच फोनमधल्या नकाशावर गेल्या महिन्यातल्या संध्याकाळचे प्रवास नोंदलेले असतील तर ते त्याने स्वतः बघावेत. तुम्ही सांगितलेला आकडा त्याला तुमचा वाटेल, फोनमधला त्याचा स्वतःचा असेल.

अर्थात प्रत्येक "हो" असा भाबडा नसतो. वेळ मारून नेण्यासाठी म्हटलेला "हो" वेगळा, आणि तो ओळखता येतो. हिशेब चुकलेला माणूस मोडलेल्या शब्दाबद्दल तुमच्या आधी बोलतो, निदान अर्ध्या वेळा तरी. चुकल्यावर काहीतरी भरपाई करू बघतो. वेळ मारून नेणारा विषय निघेपर्यंत गप्प असतो, आणि निघाला की लगेच हो म्हणतो, म्हणजे विषय संपतो. त्याच्या "हो"ला कधीच एकही प्रश्न जोडलेला नसतो. खरंच करायचं असेल तर माणूस विचारतो: "गुरुवारी रिव्ह्यू असतो, मग काय करू?" तुमचा नवरा असं काही विचारतो का, हे आठवून बघा. उत्तर "नाही" आलं तर कदाचित त्याला ही जबाबदारी मुळातच नको आहे आणि तसं म्हणायची सोय नाही. तसं असेल तर "तुला हे जमणारं आहे का, खरं सांग" हाच पहिला प्रश्न. त्याचं खरं उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवावी लागेल.

आता बोलण्याची वेळ. मंगळवारी रात्री नाही. ज्या दिवशी क्लास सोडून पळालात त्या दिवशी तुम्ही बरोबर असता, पण ऐकण्याजोग्या नसता, आणि तो चुकलेला असतो म्हणून आधीच ढाल धरून बसलेला असतो. रविवारी सकाळी, मुलगी खेळत असताना, दुसरा चहा. आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा: "उद्या पंधरा मिनिटं मंगळवार-गुरुवारबद्दल बोलायचंय. भांडायचं नाहीये, एक गोष्ट मागायचीये." अचानक गाठणं आणि सांगून बसणं यांत मला दर वेळी फरक दिसला आहे. "तुझ्याशी बोलायचंय" एवढंच मात्र म्हणू नका. त्या दोन शब्दांनी आपल्याकडे घरोघरी लोकांच्या पोटात गोळा येतो.

सुरुवात फार महत्त्वाची, आणि हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. अमेरिकेत सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांना त्यांच्या एका वादाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला बसवलं आणि पुढची सहा वर्षं त्यांचा मागोवा घेतला. १९९९ साली त्यांनी मांडलं की कोणाचा घटस्फोट होईल याचा अंदाज त्या बोलण्याच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही बराच बांधता येत होता. तुमचा संसार तीन मिनिटांत मोडेल असा याचा अर्थ नाही. बोलणं ज्या सुरात सुरू होतं त्याच सुरात बहुधा संपतं, एवढंच मी त्यातून घेते.

आपण सहसा कसं सुरू करतो ते बघा:

"तुला चार महिने सांगतेय. तुझं काम तेवढं काम आणि माझा क्लास म्हणजे टाइमपास का? तुझ्या आईच्या वेळी बरा वेळेत पोचतोस."

या तीन वाक्यांत त्याला उत्तर द्यायला पाच जागा आहेत, आणि एकही मंगळवारची नाही. तो आईची जागा निवडणार. पुढचा पाऊण तास सासूबाईंवर जाणार. याला आपण पाढा वाचणं म्हणतो, आणि पाढ्याची खोड अशी की बे एके बे म्हटलं की बे दुणे चार तोंडातून आपोआप निघतं.

त्याऐवजी असं म्हणता येईल. हे पाठ करू नका, पण क्रम राखा:

"जूनमध्ये तू म्हणालास की मंगळवारी आणि गुरुवारी चिऊला तू आणशील. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. गेल्या आठ वेळांपैकी पाच वेळा ते झालं नाही. त्या पाच वेळा मी क्लास अर्धा सोडला, आणि त्या भागाचे पेपर आता मला जड जाताहेत. मला वाटतं अडचण ऑफिसातून निघण्याच्या वेळेची आहे. पण तिथे नक्की काय होतं ते मला माहीत नाही. सांगशील?"

यात काय आहे ते बघा. शब्द त्याचा होता, आणि तो त्याच्याच तोंडचा म्हणून सांगितला आहे. "आपलं ठरलं होतं" म्हटलं असतं तर "कधी ठरलं?" हा फाटा फुटला असता. आकडा एकदाच आला. "नेहमी", "कधीच", "दर वेळी" हे शब्द नाहीत, कारण तो तीन वेळा आला होता आणि "नेहमी" म्हटलं की तो त्या तीन वेळाच मोजायला लागणार. तुमचं नुकसान काय झालं ते सांगितलं, त्याच्या स्वभावाचं निदान केलं नाही. आणि शेवटी प्रश्न आहे, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही. तो प्रश्न विचारून झाल्यावर थांबा. त्याच्या आधी बोलायचं नाही. पहिली काही सेकंद फार जड जातात.

समजा त्याने सांगितलं की साडेपाचला परदेशातल्या टीमबरोबर रोजचा कॉल असतो, पंधरा मिनिटांचा म्हणतात आणि चाळीस मिनिटं चालतो, आणि मधेच उठलं तर बरं दिसत नाही. सापडली जागा. अडलेलं पाऊल "मधेच उठणं" हे आहे. प्रवास अडचण नाही, मुलीवरचं प्रेम तर नाहीच नाही.

आता मागणी. एकच मागायची, आणि ती तीन कसोट्यांवर उतरली पाहिजे. ती झाली की नाही हे दोघांनाही वाद न घालता कळलं पाहिजे. ती पूर्णपणे त्याच्या हातातली असली पाहिजे. आणि ती शब्द मोडण्याच्या जागेच्या आधीची असली पाहिजे. "सातला पोच" ही मागणी दुसऱ्या कसोटीवर पडते, कारण रस्ता त्याच्या हातात नाही. "जबाबदारीने वाग" तर तिन्हींवर पडते. मी असं मागेन:

"मंगळवारी आणि गुरुवारी त्या कॉलच्या सुरुवातीलाच सांगशील का, की मला ५.४५ ला निघायचंय? आणि ५.४५ ला गाडीपाशी आलास की मला 'निघालो' एवढा मेसेज कर."

हा मेसेज म्हणजे पाळत नाही, हे त्याला सांगा, आणि स्वतःलाही. मेसेज आला की तुम्ही फोन बॅगेत टाकून क्लासमध्ये शांत बसू शकता. नाही आला तर तुम्हाला ते पावणेसातला न कळता सहाला कळतं, आणि तासभर हातात असतो. कॉलच्या सुरुवातीला सांगून ठेवण्याचं कारणही सोपं आहे: आधी सांगितलेलं असेल तर ५.४५ ला उठायला धीर लागत नाही, न सांगता उठायला लागतो.

एवढ्या बारीक गोष्टी मागायला संकोच वाटतो, मला कळतं. "एवढा मोठा माणूस, त्याला असं शाळकरी मुलासारखं सांगायचं?" पण शब्द मोठा आणि पोकळ असला की तो घसरतो. जर्मनीत पीटर गॉलवित्झर आणि त्याच्या सहकारी व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तांत लिहून पाठवायला सांगितला. काहींना फक्त सांगितलं, काहींना तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही ठरवायला लावलं. ठरवलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांनी वेळेत पाठवला, नुसतं सांगितलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती.

माझं स्वतःचंच सांगते. जेवताना फोन बघणार नाही, असं मी नवऱ्याला कितीतरी वेळा कबूल केलं होतं आणि कितीतरी वेळा ताटाशेजारी फोन ठेवला होता. दिवसभर लोकांना हेच शिकवून संध्याकाळी मीच ते करायचे, तेव्हा घरी माझी बरीच शोभा व्हायची. एक दिवस त्याने न चिडता एकच मागितलं: "चार्जर स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या खोलीत लाव." लावला. त्यानंतर नव्वद टक्के जेवणं फोनशिवाय झाली, आणि मी काही सुधारले बिधारले नाही.

तुमच्या बोलण्यावर तो काय म्हणेल? तीनपैकी एक.

"तुला माझ्या ऑफिसचं कळत नाही." यावर ऑफिसची चर्चा करू नका. "बरोबर आहे, नाही कळत. म्हणून तूच सांग, ५.४५ जमणारं नसेल तर किती वाजता जमेल?" तो ६.०० म्हणाला आणि सहाला निघून सातला पोचणं कठीण आहे, तर तेही त्यालाच मोजू द्या. नकाशा उघडायची हीच वेळ.

"मी बाकी एवढं करतो, ते नाही दिसत?" हे बहुधा खरं असतं. "दिसतं, आणि त्याबद्दल तक्रार नाही. आत्ता मी फक्त मंगळवार-गुरुवारबद्दल बोलतेय." एकदाच म्हणा आणि प्रश्नावर परत या.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड, आणि माझ्या मते सगळ्यात घातक: "सॉरी गं, खरंच चुकलं. पुढच्या वेळी नक्की." इथे बहुतेक बायका पाघळतात, आणि नवरेही, कारण भांडण टळल्याचा आनंदच मोठा असतो. त्या क्षणी थांबू नका. हसून विचारा, "म्हणजे परवा मंगळवारी पावणेसहाला तू काय करशील?" त्याच्या तोंडून ते पाऊल यायला हवं: कॉलच्या सुरुवातीला सांगेन, गाडीपाशी मेसेज करेन. तुम्ही सांगितलेलं आणि त्याने मान डोलावलेलं आठवड्यात विरतं. त्याने स्वतः उच्चारलेलं जास्त टिकतं, आणि त्यात बदल करायची मुभाही त्याला असते. त्याने "मेसेज नको, कॉल करतो" म्हटलं तर करू द्या. त्याची स्वतःची भर पडली की ते त्याचं होतं.

आवाज चढायला लागला, कुणाचंही हृदय धडधडायला लागलं, तर तिथेच सोडा. "अर्ध्या तासाने परत बसू" म्हणा आणि खरंच परत बसा. शरीर निवायला वीस मिनिटं तरी लागतात, त्याआधी पुन्हा सुरू केलं तर तेच तापलेलं भांडण पुढे चालू होतं. आणि परत बसायचं राहून गेलं, तर एक शब्द तुमच्याकडूनही मोडला, हे लक्षात ठेवा.

ठरल्यावर दोन गोष्टी ठरल्या क्षणीच मिटवून टाका. पहिली, चुकलं तर काय. "५.४५ ला नाही निघू शकलास तर मला विचारू नकोस. पाळणाघराच्या ताईंना तू फोन कर, किंवा तुझ्या मित्राला, शेजारच्या काकूंना, ज्यांना सांगायचं त्यांना तू सांग." आत्ता पर्यायी व्यवस्था म्हणजे तुम्हीच आहात, फुकट आणि खात्रीच्या. तुमचा क्लास सुटतो तो इथेच. अर्थात मुलीला कोण नेऊ शकतं याची नावं पाळणाघरात आधी देऊन ठेवावी लागतील, आणि उशिरापर्यंत ठेवून घेत असतील तर त्याचे पैसे किती, तेही विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट तुम्हाला जड जाईल. मंगळवारी दुपारी चारला "आठवण आहे ना?" असा मेसेज तुम्ही करायचा नाही. त्याचा गजर तुम्ही झालात की गजर वाजला नाही म्हणून राहिलं, असं म्हणायची सोय त्याला होते, आणि "टोचतेस" हेही खरं ठरतं. त्याच्या फोनमध्ये त्याने गजर लावावा. कॉलच्या आमंत्रणातच वेळ लिहून ठेवली तर त्याहून बरं.

चार आठवडे द्या, म्हणजे आठ खेपा. आठच्या आठ होतील अशी अपेक्षा धरू नका. आठपैकी तीनवरून सहावर आलं तर रचना चालली. पहिली चूक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते, आणि तुमची खरी परीक्षा तिथे आहे, कारण मागचे चार महिने त्या एका चुकीला चिकटून बाहेर यायला बघतात. त्या दिवशी एकच वाक्य: "आज 'निघालो' आलं नाही. काय झालं?" उत्तर ऐका, आणि ठरल्यातलं काही हलवायचं आहे का ते विचारा. झालेल्या खेपांना "आज क्लास पूर्ण झाला, बरं वाटलं" एवढं म्हटलंत तर पुरे. आरती ओवाळायची गरज नाही, मुलगी त्याचीही आहे.

चार आठवड्यांनी आकडा जागचा हलला नाही, तर पुन्हा तीच आठवण त्याच शब्दांत करू नका. मग शब्दच बदलायला हवा. तो खरंच या दोन दिवशी मोकळा होऊ शकत नसेल तर दिवस बदला, बाहेरची मदत पगार देऊन घ्या आणि ती शोधण्याची जबाबदारी त्याच्याकडे द्या, किंवा तुमच्या क्लासची दुसरी बॅच बघा. यात तुमची हार नाही. न पाळला जाणारा शब्द दर आठवड्याला नव्याने देत-घेत राहण्यापेक्षा तो मागे घेतलेला बरा. त्याने कबूल केलेलं काम त्याच्या पैशाने आणि धावपळीने होत असेल, तर तोही एक मार्गच.

हे सगळं कुठे चालत नाही, तेही सांगायला हवं. दारू सोडण्याचा शब्द असा मागता येत नाही. तिथे "एक ठोस बदल" एवढाच असू शकतो की तो उपचार घ्यायला जाईल, आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांशीच बोलावं. चोरून कर्ज काढणं, जुगार, दुसरं नातं, यांतही मंगळवारच्या पद्धतीने काही होत नाही. आणि शब्दाची आठवण करून देण्याचीच तुम्हाला भीती वाटत असेल, तो वस्तू फेकतो, हात उगारतो, पैसे बंद करतो, तर विषय पाळणाघराचा उरलेला नाही. अशा घरात नीट कसं मागावं हे शिकवणं म्हणजे मार खाणाऱ्याचीच शिकवणी घेणं, आणि ते मी करत नाही. तिथे १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. पण "बोलायलाच नको वाटतं" हे कंटाळ्याने आलंय की धास्तीने, ते तुमचं तुम्ही एकदा तपासा.

चाकणच्या त्या जोडप्याचं पुढे काय झालं ते राहिलं. पहिल्या चार आठवड्यांत आठपैकी पाच वेळा तो पावणेसहाच्या बसमध्ये होता. एकदा वही भरूनही बस सुटली, कारण पुढच्या शिफ्टचा माणूसच उशिरा आला. पाचव्या आठवड्यात त्याने स्वतःच सोमवार बदलून शनिवार मागितला. सोमवारी मशीन सुरू करताना जास्त नग नाकारले जातात, वही लांबते, हे त्याला वही लवकर उघडायला लागल्यावर दिसलं होतं. बायको हो म्हणाली. तिने फक्त विचारलं, "शनिवारी किती वाजता?" तो म्हणाला, "साडेदहाला, नाश्ता झाल्यावर, बाहेरच्या टेबलावर."